मल्टिव्हिटॅमिन, एकाच जीवनसत्त्वाचा मोठा डोस की वनस्पतींचं टॉनिक? बाटलीच्या मागच्या बाजूने ओळखा

‘ऊर्जा’, ‘ताकद’, ‘प्रतिकारशक्ती’, ‘नसांसाठी’, ‘केसांसाठी’ हे शब्द तिन्ही प्रकारच्या बाटल्यांवर सारखेच छापलेले असतात. आत काय आहे ते या शब्दांवरून कळत नाही. बाटलीचा रंग, पानाफुलांचं चित्र किंवा ‘नैसर्गिक’ हा शिक्का यांवरूनही कळत नाही. ओळख पटते ती मागच्या बाजूच्या बारीक अक्षरातल्या तक्त्यावरून. तो तक्ता ठरावीक क्रमाने वाचला तर दोन मिनिटांत उत्तर मिळतं. तोच क्रम इथे सांगतो.

हे वेगळं ओळखायचं कारण असं की तिन्हींचे धोके वेगळे आहेत. मल्टिव्हिटॅमिन म्हणजे रोजच्या गरजेइतकी बरीच जीवनसत्त्वं आणि थोडे क्षार एकत्र. एकाच जीवनसत्त्वाचा मोठा डोस म्हणजे कमतरता भरून काढण्यासाठी दिलेलं औषधच. त्याला मुदत असते आणि वेळापत्रक असतं. वनस्पतींच्या टॉनिकमध्ये बऱ्याचदा जीवनसत्त्वं नसतातच. त्यातल्या अर्कांचा परिणाम इतर औषधांवर होऊ शकतो. एकाला दुसरं समजून घेतलं, की कोणाची कमतरता तशीच राहते, तर कोणाच्या पोटात गरजेच्या कित्येक पट डोस जातो.

आधी ‘प्रत्येक’ या शब्दापासून सुरू होणारी ओळ शोधा

तक्त्याच्या डोक्यावर ‘प्रत्येक गोळीमध्ये’, ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ किंवा ‘प्रति सर्व्हिंग’ अशी ओळ असते. खालचा प्रत्येक आकडा या ओळीला बांधलेला आहे, म्हणून ती आधी वाचायची. ‘प्रति सर्व्हिंग’ लिहिलं असेल तर एक सर्व्हिंग म्हणजे किती गोळ्या, तेही जवळच दिलेलं असतं. दोन गोळ्यांची सर्व्हिंग असेल आणि तुम्ही एकच घेत असाल, तर सगळे आकडे निम्मे करा.

सिरपमध्ये इथे हमखास गल्लत होते. तक्ता ५ मिलीचा असतो, घ्यायला सांगितलेलं असतं १० मिली, तेही दिवसातून दोनदा. म्हणजे दिवसाला २० मिली, तक्त्याच्या चौपट. काही बाटल्यांवर तक्ता १०० मिलीचा असतो. तिथले आकडे मोठे दिसतात, पण प्रत्यक्ष पोटात त्याचा छोटा भागच जातो. दोन बाटल्यांची तुलना करायची असेल तर दोन्हींचा दिवसभराचा हिशोब काढून मगच करा.

मग नावांकडे बघा

घटकांची नावं दोन जातींची असतात. एक रसायनांची: ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे जीवनसत्त्व सी, कोलेकॅल्सिफेरॉल म्हणजे डी३, पायरिडॉक्सिन म्हणजे बी६, मिथाइलकोबालामिन किंवा सायनोकोबालामिन म्हणजे बी१२, रेटिनिल पाल्मिटेट म्हणजे ए, टोकोफेरिल ॲसिटेट म्हणजे ई. पाठ करायची गरज नाही. जीवनसत्त्वाचं अक्षर बहुतेक वेळा शेजारी दिलेलं असतं, आणि नसलं तर शोधून मिळतं.

दुसरी जात वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची. ती दोन शब्दांची असतात, बहुतेकदा तिरक्या अक्षरांत छापतात, आणि मागोमाग वनस्पतीचा कोणता भाग वापरला ते येतं: मूळ, पान, साल, फळ, बी. ‘विथानिया सोम्निफेरा, मूळ, अर्क’ असं काही दिसलं की ती अश्वगंधा. अशाच नावांनी तक्ता भरलेला असेल तर हातात वनस्पतींचं टॉनिक आहे, पुढच्या बाजूला काहीही लिहिलेलं असो.

रसायनांची नावं असतील तर ओळी मोजा. दहा-बारा किंवा त्याहून जास्त ओळी आणि त्यात जीवनसत्त्वांबरोबर झिंक, आयोडीन, सेलेनियम असे क्षार असतील तर बहुधा मल्टिव्हिटॅमिन. एक, दोन किंवा तीन ओळी असतील तर बहुधा एकेरी मोठा डोस. ‘बहुधा’ अशासाठी म्हणतो, की नुसत्या ओळी मोजून निकाल लावता येत नाही. खरा निवाडा शेजारच्या स्तंभात होतो.

टक्केवारीचा स्तंभ नीट बघा

प्रत्येक घटकापुढे मात्रा असते आणि अनेक लेबलांवर त्यापुढे टक्केवारी. निरोगी प्रौढ माणसाला दिवसाला साधारण जेवढं लागतं त्याच्या किती टक्के, असा तिचा अर्थ.

खऱ्याखुऱ्या मल्टिव्हिटॅमिनमध्ये बहुतेक आकडे ५० ते १५० च्या आसपास असतात आणि कॅल्शियम मात्र बरंच कमी, म्हणजे १० ते २० टक्के किंवा अजिबातच नाही. याचं कारण जागेचं आहे. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागतं. कॅल्शियम कार्बोनेटमध्ये कॅल्शियमचा वाटा ४० टक्के, म्हणजे तेवढ्यासाठी अडीच ग्रॅम कार्बोनेट लागेल. एवढी गोळी गिळवणार नाही. म्हणून बाकीचे आकडे शंभराच्या आगेमागे आणि कॅल्शियम मागे राहिलेलं दिसलं, की ही बाटली मल्टिव्हिटॅमिनची, असं बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येतं. उलट एखादी बाटली ‘मल्टी’ म्हणवते, पण तिच्या तक्त्यात एकच आकडा हजारांत आहे. केसांच्या गोळ्यांमध्ये हे नेहमी दिसतं. दहा घटक नावापुरते असतात आणि बायोटिन १०,००० मायक्रोग्रॅम. बायोटिनची रोजची गरज ३० मायक्रोग्रॅम धरली तर हे ३३,००० टक्क्यांच्या वर जातं. अशी बाटली मोठ्या डोसच्या गटातच धरायची.

आता या मोठ्या टक्क्यांना सरसकट घाबरायचंही कारण नाही. बी१२ ची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम आणि गोळी १५०० ची असते, म्हणजे साडेबासष्ट हजार टक्के. पण आतडं बी१२ नेहमीच्या मार्गाने एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच शोषू शकतं. त्यापलीकडे साधारण एक टक्का आपोआप झिरपून आत जातो. तो एक टक्का पुरेसा पडावा म्हणून गोळी एवढी मोठी असते, आणि बी१२ साठी कमाल मर्यादा ठरवलेलीही नाही. जीवनसत्त्व डी, जीवनसत्त्व ए, बी६ आणि लोह यांचं तसं नाही. यांच्यापुढे मोठा आकडा दिसला की थांबून विचारायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल, तर रेटिनॉल किंवा रेटिनिल या रूपातलं ए जास्त झालं तर गर्भाला अपाय होतो, हे लक्षात ठेवून डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ती गोळी घेऊ नका.

वनस्पतींच्या ओळीपुढे टक्केवारीची जागा रिकामी असते किंवा तिथे फुली, चांदणी असं चिन्ह असतं आणि तळाला ‘रोजची गरज ठरलेली नाही’ असा खुलासा. शरीराला अमुक मुळाची रोज इतकी गरज आहे असं कुठे ठरलेलंच नाही, म्हणून टक्केवारी देता येत नाही. रिकामा स्तंभ ही टॉनिकची ठळक खूण आहे.

टक्केवारी मुळीच छापलेली नाही आणि नावं रसायनांची आहेत, असंही होतं. औषध म्हणून विकल्या जाणाऱ्या मोठ्या डोसच्या गोळ्यांवर हे असतं. मग हिशोब आपण करायचा.

एककं: इथे हजाराची चूक होते

एक मिलिग्रॅम म्हणजे १००० मायक्रोग्रॅम. लेबलवर मिलिग्रॅमसाठी एमजी, मायक्रोग्रॅमसाठी एमसीजी किंवा ग्रीक म्यू अक्षरापुढे जी असतं. घाईत दोन्ही सारखीच वाटतात, म्हणून आकड्याआधी एकक वाचायची सवय लावा.

तिसरं एकक आययू. हे वजन नाही, परिणामाचं माप आहे, त्यामुळे प्रत्येक जीवनसत्त्वाला त्याचा दर वेगळा. डी साठी ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम, एवढं एकच लक्षात ठेवलं तरी बरंच काम होतं. ६०,००० आययूची डी३ कॅप्सूल घ्या. चाळीसने भागलं की १५०० मायक्रोग्रॅम. प्रौढ माणसाची रोजची गरज १५ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०० आययू, धरतात. एका कॅप्सूलमध्ये शंभर दिवसांची गरज आहे. देखरेखीशिवाय रोज घ्यायची कमाल मर्यादा प्रौढांसाठी १०० मायक्रोग्रॅम, म्हणजे ४००० आययू. ही कॅप्सूल म्हणूनच आठवड्यातून एकदा, तीही ठरावीक आठवडे, अशी देतात.

ती चुकून रोज घेतली जाते, आणि हे फार काळजीचं आहे. रोजच्या गोळ्यांच्या डब्यात पडली की ती रोजची होते. महिना-दोन महिन्यांत रक्तातलं कॅल्शियम वाढू शकतं. मग खूप तहान लागते, वारंवार लघवी होते, मळमळतं, बद्धकोष्ठता होते, थकवा येतो, वयस्क माणूस गोंधळल्यासारखा वागतो, आणि मूत्रपिंडाला इजा होते. ही लक्षणं वयाची समजून सोडून दिली जातात. अशा कॅप्सूलच्या पाकिटावर वार मोठ्या अक्षरांत लिहा आणि ते पाकीट रोजच्या डब्यापासून लांब ठेवा.

टॉनिकचं लेबल: पाचशे म्हणजे कशाचे पाचशे

वनस्पतींच्या तक्त्यात सगळ्यात जास्त फसगत मिलिग्रॅमच्या आकड्याने होते. ‘५०० मिलिग्रॅम’ हे वाळवलेल्या मुळाची पूड असू शकते किंवा अर्क. अर्क असेल तर शेजारी १०:१ असं प्रमाण दिलेलं असतं. म्हणजे दहा भाग मुळापासून एक भाग अर्क काढला. मग ५०० मिलिग्रॅम अर्क म्हणजे पाच ग्रॅम मूळ. त्याच आकड्याची पूड मात्र अर्धाच ग्रॅम. आकडा तोच, फरक दहापट.

याहून भरवशाची ओळ म्हणजे प्रमाणित केलेल्या घटकाची. ‘५ टक्के विथानोलाइड्स’ असं लिहिलं असेल तर ५०० मिलिग्रॅम अर्कात त्या घटकाचे २५ मिलिग्रॅम. दोन बाटल्यांची तुलना करायची तर हा आकडा वापरा. तो नसेल, किंवा दहा वनस्पतींची नावं देऊन खाली फक्त एकूण वजन दिलं असेल, तर कोणती वनस्पती किती आहे ते त्या बाटलीवरून कळायला मार्गच नाही. पुढच्या बाजूला जिचं चित्र मोठं आहे ती आत चिमूटभरही असू शकते. अशी बाटली मी कोणाला सुचवत नाही.

शास्त्रीय नावाला महत्त्व द्यायचं कारणही सांगतो. जिनसेंग या एका नावाखाली पॅनॅक्स जिनसेंग विकलं जातं आणि एल्युथेरोकॉकस सेंटिकोससही. त्या दोन वेगळ्या प्रजातींच्या वनस्पती आहेत. आणि कोणत्या औषधाबरोबर काय चालत नाही ही माहितीही शास्त्रीय नावाने शोधली तरच नेमकी मिळते. ग्लिसिरायझा ग्लाब्रा, म्हणजे ज्येष्ठमध, जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात घेतलं तर रक्तदाब वाढतो आणि पोटॅशियम उतरतं. हायपेरिकम परफोरेटम, म्हणजे सेंट जॉन्स वॉर्ट, रक्त पातळ करणाऱ्या वॉर्फरिनचा आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी करतं. ज्यांची रोजची औषधं चालू आहेत त्यांनी टॉनिकची बाटली डॉक्टरांना न दाखवता उघडू नये.

तक्त्याच्या तळाला ‘बेस’ची ओळ असते, तीही वाचा. साखरेचा पाक, मध, कधी अल्कोहोल. मधुमेह असलेल्या माणसाला दिवसाला २० मिली पाक जातोय हे त्या एका ओळीवरून कळतं.

मिश्र बाटल्या, आणि एक पूर्ण हिशोब

आतापर्यंत तीन प्रकार वेगळे धरले, पण बऱ्याच बाटल्या मिश्र असतात. टॉनिकच्या चित्राखाली बी गटातली जीवनसत्त्वं आणि लोह घातलेलं असतं, मल्टिव्हिटॅमिनमध्ये जिनसेंग. अशा वेळी बाटलीला एक नाव द्यायचा हट्ट सोडा आणि ओळीओळीने वाचा. रसायनांच्या ओळी इतर बाटल्यांतल्या त्याच रसायनात मिळवायच्या, वनस्पतींच्या ओळी औषधांशी ताडून बघायच्या.

समजा, साठीतल्या एका गृहस्थांच्या पायाच्या बोटांना मुंग्या येतात. घरात तीन बाटल्या आहेत. पहिलीवर चोवीस ओळी, आकडे शंभरीच्या आसपास, कॅल्शियम १२ टक्के. हे मल्टिव्हिटॅमिन, रोज एक गोळी, त्यात बी६ आहे २ मिलिग्रॅम. दुसरी ‘नसांची गोळी’. दोनच ओळी: मिथाइलकोबालामिन १५०० मायक्रोग्रॅम, बी६ ५० मिलिग्रॅम. हा मोठा डोस. ती ते दोन वेळा घेतात, म्हणजे बी६ झालं १००. तिसरी पानाफुलांचं चित्र असलेलं सिरप. तक्ता ५ मिलीचा. वर पाच वनस्पतींची शास्त्रीय नावं, टक्केवारीची जागा रिकामी, आणि खाली तीन ओळी रसायनांच्या, त्यात बी६ दीड मिलिग्रॅम. ते १० मिली दोनदा घेतात, म्हणजे दीड गुणिले चार, सहा मिलिग्रॅम.

बेरीज १०८ मिलिग्रॅम. रोजची गरज दीड मिलिग्रॅमच्या आगेमागे. अमेरिकेत प्रौढांसाठी कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात, तर युरोपीय अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ मध्ये ती १२ मिलिग्रॅमवर आणली. कुठल्याही मापाने हे जास्तच आहे. आणि बी६ जास्त दिवस जास्त गेलं तर नेमकं काय होतं? हातापायांच्या टोकांना मुंग्या आणि बधिरपणा. ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली तीच तक्रार गोळीमुळे वाढू शकते, आणि माणूस आराम पडेना म्हणून डोस आणखी वाढवतो.

मुंग्या बी६ मुळेच आहेत असं लेबल सांगू शकत नाही. बी१२ ची कमतरता, मधुमेह, इतरही कारणं असतात, आणि ती रक्त तपासूनच कळतात. लेबलवरून मिळतो तो बेरजेचा आकडा. तो कागदावर लिहून डॉक्टरांकडे न्यायचा. डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी परस्पर बंद करायची नाही, पण स्वतःहून आणलेली दुसरी-तिसरी बाटली भेट होईपर्यंत बाजूला ठेवायला हरकत नाही.

ही बेरीज करताना कागदावर तीन रकाने पुरतात: बाटलीचं नाव, घटक आणि एककासह मात्रा, दिवसाला एकूण किती. डी, ए, बी६ आणि लोह या चार घटकांपुरतीच केली तरी धोक्याचा मोठा भाग नजरेत येतो. लोहाच्या बाबतीत ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा. फेरस फ्युमरेटमध्ये लोह साधारण एक तृतीयांश असतं, तर फेरस ग्लुकोनेटमध्ये आठवा भाग, त्यामुळे क्षाराचं वजन आणि लोहाचं वजन एक नाही. लोहाच्या गोळ्या लहान मुलांनी मूठभर खाल्ल्या तर जिवावर बेततं. घरात लहान मूल असेल तर ही बाटली, तिच्यावर कितीही गोंडस चित्र असलं तरी, कुलपातच हवी.

डॉक्टरांना दाखवायला फोटो काढणार असाल तर मागच्या तक्त्याचा काढा, ‘प्रत्येक गोळीमध्ये’ ही ओळ आणि तळाचा बारीक मजकूर दोन्ही येतील असा. रक्ततपासणी असेल आणि कुठल्याही बाटलीत बायोटिन हजारो मायक्रोग्रॅममध्ये असेल, तर रक्त देण्याआधीच प्रयोगशाळेला सांगा. थायरॉइडच्या आणि हृदयविकाराचा झटका ओळखणाऱ्या ट्रोपोनिनच्या काही चाचण्या बायोटिनमुळे चुकीचे आकडे दाखवतात. गोळी किती दिवस आधी थांबवायची, ते डॉक्टर किंवा प्रयोगशाळा सांगेल.